सहीचे वळण : लग्नाच्या छायाचित्रांत स्वतःची शैली कशी सापडते

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात एखाद्या घरी लग्न ठरले की हॉल, केटरर आणि फोटोग्राफर ही तीन नावे पहिल्या आठवड्यातच निघतात. हॉल जाऊन पाहता येतो आणि केटररच्या हातची चव चाखता येते. फोटोग्राफरची पारख मात्र त्याने आधी केलेल्या कामावरूनच करावी लागते. घरातली तरुण मंडळी चार स्टुडिओंचे नमुने मोबाइलवर काढून मोठ्यांपुढे ठेवतात. उपवन तलावाच्या काठी हात धरून चालणारे जोडपे, गिरकी घेणारा लेहंगा, पापण्या मिटून बसलेली नवरी, धुराच्या नळकांड्यातून येणारा नवरदेव. चौथा नमुना पाहून होईपर्यंत पहिला कोणाचा होता हे कुणालाच आठवत नाही. मग वडीलधारे विचारतात, "यातला स्वस्त कोण?"

हा प्रश्न व्यापारी घरात अगदी रास्त आहे. दोन दुकानांतला माल सारखाच दिसत असेल, तर गिऱ्हाईक भाव पाहूनच निवड करणार. म्हणून शैलीचा प्रश्न छायाचित्रकारासाठी प्रथम पोटापाण्याचा आहे. ज्याचे काम इतरांपासून वेगळे ओळखू येत नाही, त्याला दर हंगामात शेजाऱ्यापेक्षा कमी भाव सांगूनच काम मिळवावे लागते. कॅमेरे, लेन्स आणि मदतनीसांचा खर्च मात्र कमी होत नाही.

सारखेपणा येतो कुठून

सर्वांचे काम सारखे दिसण्यामागे आळसापेक्षा या धंद्याची रचना अधिक कारणीभूत आहे. एकाच मुहूर्तावर तीन-चार कामे आली की स्टुडिओ बाहेरचे फोटोग्राफर रोजंदारीवर बोलावतो. तोच मुलगा आज ठाण्याच्या एका स्टुडिओसाठी उभा असतो आणि परवा कल्याणच्या दुसऱ्यासाठी. पुढे छायाचित्रांचे रंग सुधारण्याचे काम बाहेर जाते आणि अल्बमची मांडणीही बाहेर जाते. हे काम करणारी माणसे अनेक स्टुडिओंची कामे एकाच साच्यात बसवतात. असे चार हात फिरून आलेल्या अल्बमवर कोणाचीच छाप उरत नाही.

दुसरे कारण अनुकरणाचे. ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीतील टस्कनी भागात अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचा विवाह झाला. जोसेफ राधिक यांनी टिपलेली त्या विवाहाची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. त्यांतील फिका गुलाबी रंग आणि मऊ उजेड लोकांच्या मनात भरला आणि त्यानंतर फिक्या रंगांची मोठी लाट आली. परंतु तो मऊपणा मुळात तिथल्या हिवाळी उन्हाचा, फुलांचा आणि वस्त्रांचा होता. रंगांची तीच तयार जुळणी, जिला या धंद्यात प्रीसेट म्हणतात, डोंबिवलीच्या बंद हॉलमधील छायाचित्रावर चढवली की उलटा परिणाम दिसतो. तिथे मागे जांभळी एलईडी भिंत असते आणि वर पिवळे दिवे. फिकेपणा आणणारी जुळणी त्वचेतील उबदार रंग काढून घेते आणि चेहरे राखाडी होतात. कुंकू विटकरी दिसते. पानेतराच्या काठाचा लाल आणि घरचोळ्याचा लाल यांतला फरक नाहीसा होतो. ज्या घरात कापडाचा धंदा आहे, त्या घरातील आजी ही चूक पहिल्या पानावरच पकडते.

बँकेत धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहताना शाईचा रंग कोणी विचारात घेत नाही. पाहिले जाते ते वळण, म्हणजे अक्षर कुठे उचलले, कुठे दाबले आणि शेवटची रेघ कशी ओढली. शाई कुणालाही विकत मिळते, वळण मिळत नाही. छायाचित्रातील प्रीसेट ही शाई आहे. वळण ठरते ते छायाचित्रकार कुठे उभा राहिला, उजेड कोणत्या बाजूने घेतला, कोणता क्षण निवडला आणि चौकटीबाहेर काय ठेवले यांवरून.

मध्य रेल्वेच्या याच मार्गावर दादरला याचे एक जुने उदाहरण आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ साली तिथे इंडिया फोटो स्टुडिओ सुरू केला आणि हिंदी चित्रपटांतील अनेक तारे-तारका त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. त्या चेहऱ्यांची छायाचित्रे इतरांनीही काढली होती आणि कृष्णधवल छायाचित्रात रंगाची मदत कोणालाच नव्हती. ठक्करांचे काम ओळखू येते ते चेहऱ्यावर नेमक्या जागी सोडलेल्या प्रखर उजेडावरून आणि तितक्याच ठामपणे ठेवलेल्या सावलीवरून.

एक नमुना-उदाहरण

स्वतःचे वळण शोधायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेऊ. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

कल्याणला कापडाचे दुकान असलेल्या घरातील एक तरुण. त्याने डोंबिवलीत स्टुडिओ काढून सहा वर्षे झाली आहेत. काम स्वच्छ आहे, वेळेवर होते, तक्रार नाही. पण चौकशी करणारा प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात दर विचारतो आणि दोनांपैकी एक जण आणखी स्वस्त स्टुडिओकडे जातो. चातुर्मासात लग्ने नसतात. ते रिकामे महिने तो आपल्याच कामाची तपासणी करण्यासाठी वापरतो.

पहिली पायरी पोर्टफोलिओची परीक्षा. आपल्या पोर्टफोलिओतील ६० छायाचित्रे तो लहान आकारात छापतो आणि परिसरातील चार स्टुडिओंनी जाहीरपणे दाखवलेल्या छायाचित्रांत मिसळतो. छापण्यापूर्वी सर्व छायाचित्रे कृष्णधवल करून घेतो. मग आपले काम नेहमी पाहणाऱ्या बहिणीला आणि मदतनीसाला त्यातून आपली छायाचित्रे वेगळी काढायला सांगतो. रंगीत असताना ती ओळखू आली असती आणि कृष्णधवल होताच ओळखू येत नसतील, तर आजवरची शैली केवळ शाईची होती. त्याच्या बाबतीत नेमके तेच निघते. ६० पैकी जेमतेम १२ ओळखली जातात.

दुसरी पायरी अधिक महत्त्वाची. गेल्या दहा लग्नांची संपूर्ण छायाचित्रे तो पुन्हा उघडतो. ग्राहकाला दिलेली निवड बाजूला ठेवून, कोणी पैसे दिले नसते तरी आपण जपून ठेवली असती अशी २० छायाचित्रे प्रत्येक लग्नातून निवडतो. अशी २०० होतात. त्यांतील किती पोर्टफोलिओत आहेत हे तो मोजतो, तर केवळ नऊ सापडतात. याचा अर्थ उघड आहे. त्याचा पोर्टफोलिओ त्याच्या नजरेने निवडलेलाच नव्हता. शेजारच्या स्टुडिओने काय लावले आहे हे पाहून तो भरला गेला होता. शैली नाही असे ज्याला वाटते, त्याची शैली बहुधा अशीच न दाखवलेल्या छायाचित्रांत पडून असते.

तिसरी पायरी खतावणीची. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये लेन्स, शटरचा वेग, फ्लॅश आणि वेळ यांची नोंद आपोआप ठेवतो. त्या नोंदींच्या शेजारी तो वहीत आणखी तीन रकाने आखतो : चौकटीत माणसे किती, उजेड कोणत्या बाजूने, आणि क्षण विधीचा की विधीच्या आधी-नंतरचा. दोन्ही गठ्ठ्यांची बेरीज मांडल्यावर चित्र स्पष्ट होते. पोर्टफोलिओत बहुतेक छायाचित्रे लांबून टेलिलेन्सने घेतलेली, एकट्या नवरीची, पार्श्वभूमी पूर्ण धूसर केलेली. स्वतः निवडलेल्या २०० मध्ये मात्र निम्म्याहून अधिक ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, चार-पाच फुटांवरून घेतलेली. दोन किंवा अधिक माणसे असलेली. खिडकीतून किंवा दारातून बाजूने येणाऱ्या उजेडातील. आणि विधीच्या किंचित आधी किंवा नंतर टिपलेली.

चौथी पायरी म्हणजे हे सारे एका वाक्यात लिहिणे, आणि त्या वाक्यात सुंदर, भावपूर्ण, कालातीत असली विशेषणे न वापरणे. विशेषणे प्रत्येक स्टुडिओच्या पाटीवर असतात. तो लिहितो : "दोन पिढ्या एका चौकटीत, जवळून, बाजूच्या उजेडात, विधीच्या आगेमागे." असे वाक्य पुढे मोजपट्टीसारखे वापरता येते, कारण एखादे छायाचित्र त्यात बसते की नाही हे तपासता येते.

हॉलमध्ये काय बदलते

आता हे वाक्य प्रत्यक्ष लग्नात उतरवायचे. त्यासाठी तो पुढील तीन लग्नांपुरता एक निर्बंध घालून घेतो : स्वतःच्या हातात केवळ ३५ मिलिमीटरची लेन्स. स्टेजवरचे विधी लांबून टिपण्याची जबाबदारी दुसऱ्या फोटोग्राफरकडे, त्याच्याजवळ टेलिलेन्स. त्यामुळे हस्तमेळाप किंवा अक्षतांचा क्षण निसटत नाही आणि मुख्य छायाचित्रकार मोकळा राहतो.

मोकळा राहून तो जातो कुठे? तर जिथे कॅमेरे नसतात तिथे. मंगलाष्टके चालू असताना झाडून सगळे कॅमेरे अंतरपाटाभोवती जमतात. काही मराठी घरांत त्या वेळी नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती आत तुळशीला पाणी घालत असते. गुजराती लग्नात मामा नवरीला मांडवात आणतो. तो क्षण सर्वांच्या अल्बममध्ये असतो. परंतु त्याआधी खोलीच्या दाराशी भाचीच्या शेजारी गप्प उभा असलेला मामा क्वचितच कुणी टिपतो. विधीची छायाचित्रे सगळीकडे सारखी असणारच, कारण विधी सारखे आहेत. घर वेगळे आहे हे दिसते ते विधीच्या आगेमागे.

जवळ जाण्यातही पथ्य आहे. पाच फुटांवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसासमोर कोणी सहज वागत नाही. म्हणून तो लग्नाच्या आधी एकदा घरी जाऊन येतो, आजी-आजोबा, मामा, आत्या यांची नावे आणि नाती समजून घेतो, आणि पाठवणीच्या वेळी कोणाला कॅमेरा जवळ नको आहे हेही विचारून ठेवतो. याची किंमत एका संध्याकाळची आहे आणि ती दरात धरावी लागते.

उजेडाचा प्रश्न अधिक अवघड. वधूपक्षाच्या खोलीला सहसा खिडकी असते. तिथे छताचे दिवे बंद करून नवरीची खुर्ची खिडकीला समांतर ठेवली की काम होते. स्टेजवर मात्र व्हिडिओवाल्याचा दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ चेहऱ्यावर पडतो आणि नाक, गाल, कपाळ सारे सपाट करतो. त्याच्याशी कार्यापूर्वीच बोलून एक दिवा स्टँडवर, चेहऱ्यापेक्षा उंच आणि साधारण ४५ अंशांवर बाजूला ठेवायचा. दोघांनीही तोच वापरायचा. ही तडजोड झाली नाही तर स्टेजवरील छायाचित्रांत शैली टिकत नाही.

एलईडी दिव्यांचे आणखी दोन धोके आहेत. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग फार जास्त ठेवला की छायाचित्रावर आडवे काळपट पट्टे येतात. सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला तर ते बहुधा जातात. एलईडी भिंतीची लुकलुक वेगळ्या गतीची असते, तेव्हा तिथे कार्याआधी चार चाचणी छायाचित्रे घेऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून पाहावीत. दुसरा धोका गडद निळ्या-जांभळ्या उजेडाचा. असा उजेड चेहऱ्यावर पडला की त्वचेच्या लाल-पिवळ्या छटांची नोंदच फाइलमध्ये नीट होत नाही, आणि जे नोंदलेच गेले नाही ते मागाहून कोणतीही रंगजुळणी आणू शकत नाही. त्यावर उपाय दोनच : विधीच्या वेळी तो रंग बंद ठेवण्याची विनंती सजावटकाराला आधी करणे, किंवा नवरा-नवरीला त्या भिंतीपासून पुढे घेऊन स्वतःचा दिवा लावणे.

चोविहार पाळणाऱ्या घरांना इथे एक सोय आपोआप मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे म्हणून कार्यक्रम दुपारनंतर लवकर सुरू होतो आणि शेवटच्या दीड-दोन तासांतला तिरपा, उबदार उजेड हाती लागतो. हॉलला पश्चिमेकडे गॅलरी किंवा उघडे आवार असेल, तर ज्येष्ठांची छायाचित्रे त्या वेळेत तिथेच घ्यावीत. ही वेळ यजमानांशी बोलून कार्यक्रमपत्रिकेत आधी धरावी लागते. आयत्या वेळी कोणी उठून येत नाही.

शैलीच्या नादात काय निसटू नये

लग्न पुन्हा होत नाही आणि पुढच्या लग्नाला आज आलेले सगळेच असतील असेही नाही. म्हणून समूहछायाचित्रांची यादी ही शैलीच्या बाहेरची, पण अनिवार्य गोष्ट आहे. उदाहरणातला तरुण यजमानांकडून २५ गटांची यादी आधी घेतो, घरातील एका जाणत्या माणसाला नावे पुकारायला उभे करतो आणि जेवणापूर्वीच्या अर्ध्या तासात ती सरळ, समोरच्या स्वच्छ उजेडात, सर्वांचे डोळे उघडे आहेत हे पाहून संपवतो. तिथे प्रयोग करीत नाही. शैली दाखवण्यासाठी आजीचा चेहरा अंधारात ठेवणारा छायाचित्रकार आजच्या गिऱ्हाईकाचा विश्वास गमावतो आणि त्या घरातील पुढची दोन लग्नेही.

दुसरी निसटणारी जागा म्हणजे अल्बम. सगळी मेहनत करून फाइली बाहेर पाठवल्या की मांडणी करणारा नवरीचा चेहरा कापून ढगांवर बसवतो आणि एका पानावर नऊ छायाचित्रे भरतो. तरुण त्याला एक पान भरून लेखी सूचना देतो : एका पानावर जास्तीत जास्त दोन छायाचित्रे, कुठेही कापाकापी नाही, मागे चित्रविचित्र नक्षी नाही. रंगांसाठी स्वतः सुधारलेली पाच छायाचित्रे नमुना म्हणून सोबत जोडतो : हळद, खिडकी, स्टेज, संध्याकाळ आणि समूह. कुंकू लाल, हळद पिवळी आणि पांढरे उपरणे पांढरेच दिसले पाहिजे, ही त्याची साधी कसोटी.

तीन लग्नांनंतर तो पोर्टफोलिओ नव्याने भरतो. साठांऐवजी ३० छायाचित्रे, सर्व त्या एका वाक्यात बसणारी, आणि सोबत एका लग्नाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा अल्बम, अर्थात त्या कुटुंबाची लेखी परवानगी घेऊन. निवडक ३० छायाचित्रे दहा लग्नांतून कुणीही जमवू शकतो. एका दिवसाचे, एका हॉलमधले, सलग काम पाहिले की छायाचित्रकाराचा हात खरा कळतो.

याचा तोटाही आहे. धूर, गिरकी आणि ड्रोनची हौस असलेली काही गिऱ्हाइके आता त्याला विचारणार नाहीत. पहिल्या हंगामात चौकशा कमी होण्याचीच शक्यता अधिक. म्हणून तो जुने काम एकदम बंद करीत नाही. एका हंगामासाठी साध्या कामांचा हिशेब वेगळा आणि नव्या पद्धतीच्या कामांचा वेगळा ठेवतो. दोन गोष्टी तो दर महिन्याला लिहून ठेवतो. चौकशी करणाऱ्याचे पहिले वाक्य दराविषयी होते की एखाद्या छायाचित्राविषयी, आणि दर सांगितल्यानंतर किती जणांनी काम नक्की केले. "ते दाराशी उभ्या असलेल्या मामांचे छायाचित्र तुम्हीच काढले होते ना?" अशी सुरुवात होऊ लागली की बाजाराने सही ओळखली असे समजावे. पूर्ण हंगामात तसे एकदाही घडले नाही, तर वाक्य चुकले असेल किंवा पोर्टफोलिओत ते पुरेसे उतरले नसेल; पुढच्या चातुर्मासात पुन्हा खतावणी करावी.

नव्या लग्नांबरोबर हे वळण बदलतही जाते. पाच वर्षांनी तोच तरुण कदाचित ५० मिलिमीटरची लेन्स वापरील किंवा पूर्ण अल्बम कृष्णधवल करील. सहीसुद्धा वयाबरोबर बदलते आणि बँका म्हणूनच नमुना मधूनमधून नव्याने घेतात. परंतु बदललेल्या सहीतही जुना हात ओळखू येतो. अल्बम चाळताना खाली नाव न वाचता कोणी "हा तर डोंबिवलीच्या त्या मुलाचा दिसतो" असे म्हणाले, तर त्याच्या पुढच्या कामाचा भाव शेजारच्या स्टुडिओच्या भावावरून ठरणार नाही.